एसआर, मधली गोळी आणि दुखण्याचा आकडा: एकाच तक्त्यात कसं बसवावं?

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. आमच्याकडे मॉर्फिनवर असलेले कॅन्सरचे काही पेशंट घरी असतात. बारा तास हळूहळू सुटणाऱ्या एसआर गोळीची नोंद केसपेपरवर, मध्येच दुखलं की घ्यायच्या साध्या, म्हणजे मधल्या गोळ्यांचा हिशोब नातेवाइकांच्या वहीत आणि पेन स्कोअर सिस्टरांच्या व्हिजिट रजिस्टरमध्ये. फॉलोअपला डोस ठरवताना तिन्ही बघूनही शेवटी अंदाजच करतो. हे एका तक्त्यात कसं लिहावं? आणि दिवसभरातल्या मधल्या गोळ्या मोजून तेवढा एसआर वाढवला की झालं ना?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, तेवढ्यानं होत नाही. सरसकट सगळ्या मधल्या गोळ्या बेरजेत धरल्या तर काही पेशंट दिवसभर गुंगीत पडून राहतात आणि अंघोळीला उठवलं की तरीही कळवळतात. कोणती गोळी बेरजेत धरायची आणि कोणती नाही, हे तक्त्यातूनच कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक मधल्या गोळीपुढे तीन नोंदी लागतात: घेण्याआधी किती दुखत होतं, तासाभरानं किती दुखतंय, आणि दुखणं कशानं उठलं. तुमच्या तीन ठिकाणच्या नोंदींत माहिती सगळी असेलही, पण ‘दुखणं ६’ हा सिस्टरांचा आकडा सकाळच्या गोळीआधीचा की नंतरचा, हेच कळत नाही. म्हणून अंदाज करावा लागतो.

तक्ता एका दिवसाला एक ओळ असा करू नका. एका डोसला एक ओळ करा. एसआर असो वा साधी गोळी, जी पोटात गेली तिची वेळ आणि ओळ, लागल्या क्रमानं. एकाच स्तंभात दोन्ही गोळ्या एकाखाली एक आल्या की कुठली मधली गोळी पुढच्या एसआरच्या तोंडावर लागली आणि कुठली एसआर घेतल्यावर तासाभरात, हे नुसतं वरून खाली नजर फिरवली तरी दिसतं. एसआर वेगळ्या चौकटीत आणि मधल्या गोळ्या वेगळ्या चौकटीत छापलेले तक्ते मी पाहिले आहेत. दिसायला नीटनेटके, पण नेमकी हीच गोष्ट त्यांत हरवते.

दिवस मध्यरात्री बदलू नका. एसआर सकाळी ८ आणि रात्री ८ ला असेल तर तक्त्याचा दिवस सकाळी ८ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८ धरा. म्हणजे प्रत्येक दिवसात एसआरचे बरोबर दोन डोस येतात आणि पहाटेची मधली गोळी ज्या रात्रीच्या एसआरनंतर लागली, त्याच दिवसाच्या हिशोबात राहते.

डोस लिहिताना नुसतं ‘मॉर्फिन १०’ कधीही लिहू नका. दहा मिलिग्रॅमची साधी गोळीही मिळते आणि एसआरही. घरच्यांनी ‘एसआर’ किंवा ‘साधी’ असं लिहावं. तेही जमत नसेल तर गोळीच्या पाकिटावर आणि तक्त्यावर एकाच रंगाचा ठिपका द्यावा. घरच्यांनी गोळ्यांची संख्या लिहिली तरी चालते, मिलिग्रॅम मात्र सिस्टरांनी किंवा तुम्ही भरायचे, कारण पुढच्या वेळी दहाऐवजी वीसची गोळी मिळाली की ‘१ गोळी’चा अर्थ बदलतो. आणि लिहायचा तो घेतलेला डोस, सांगितलेला नव्हे. एसआर चुकली तर ती ओळ गाळायची नाही; वेळ लिहून पुढे शून्य लिहायचं. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर किती वेळानं झाली आणि गोळी दिसली का, हे त्याच ओळीत.

आता आकड्याबद्दल. शून्य ते दहा ही पट्टी शिकलेल्या माणसाला लगेच जमते. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना ‘दहापैकी किती’ विचारलं तर बरेचदा ‘लई दुखतंय’ एवढंच उत्तर येतं. तिथे रुपया-आणे चालवा. सोळा आणे म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही असं दुखणं, आणि त्यातले आता किती आणे? ही भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली असते आणि उत्तर चटकन येतं. फक्त एक सापळा सांभाळा. ‘बारा आणे हाय’ म्हणजे बारा आणे दुखतंय की बारा आणे बरं आहे, हे दोनदा विचारून घ्या. बरं वाटण्याचे आणे सांगायची आपल्याकडे सवय जास्त आहे, आणि सिस्टर घाईत ते दुखण्याच्या रकान्यात टाकतात. मग तक्त्यात दुखणं चार आण्यांवरून बारा आण्यांवर गेलेलं दिसतं आणि पेशंट तर हसत बसलेला असतो. कोणती पट्टी वापरली ते तक्त्याच्या माथ्यावर लिहा आणि त्या पेशंटसाठी ती बदलू नका. आण्यांचे दहात रूपांतर करत बसू नका.

आकडा पेशंटनंच द्यायचा. सुनेला किंवा मुलाला वाटलेला आकडा लिहावा लागला तर त्याभोवती गोल करा. पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल तर आकडा न लिहिता ‘कूस बदलताना कण्हते, पडून असताना शांत’ असं लिहा. ते आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

एसआरच्या ओळीतही आकडा हवाच, पण तिथे एकच: गोळी घेण्याच्या वेळी, पडून किंवा बसून असताना किती दुखतंय. मधल्या गोळीच्या ओळीत दोन: आधी आणि तासानं. साध्या मॉर्फिनचा परिणाम तासाभराच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, म्हणून तासानं. घरच्यांना घड्याळ बघायची आठवण राहत नाही ही खरी अडचण आहे. मोबाइलवर गजर लावून द्या. तेही जमत नसेल तर दिवसातल्या सगळ्या नाही, दोनच गोळ्यांची तासानंतरची नोंद मागा, पण ती खरी असू द्या. संध्याकाळी बसून एकदम भरलेला तक्ता ओळखता येतो: सगळ्या वेळा पूर्ण तासाच्या असतात आणि सगळी अक्षरं एकाच पेनची.

तुमच्या पेशंटांसारखीच एक केस घेऊ. ५६ वर्षांची बाई, स्तनाचा कॅन्सर कंबरेच्या मणक्यात आणि उजव्या खुब्यात पसरलेला, किडनीचं काम ठीक. एसआर मॉर्फिन ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे दिवसाचे ६०. मधली गोळी साधी १० मिलिग्रॅमची, कारण एकूण दिवसाच्या डोसचा साधारण सहावा भाग. वहीत सुनेनं लिहिलं होतं: ‘आज सात गोळ्या. दुखणं ६.’ आता तोच दिवस तक्त्यात असा दिसतो:

| वेळ | गोळी | आधी | तासानं | कशानं, आणि इतर |
|---|---|---|---|---|
| स. ८:०० | एसआर ३० | ४ | | |
| स. ९:३० | साधी १० | ७ | २ | अंघोळीला नेलं. आडवं झाल्यावर २० मिनिटांत कमी. ११ ते १२ पेंग |
| दु. १:१० | साधी १० | ६ | २ | संडासला उठली. पडल्यावर थांबलं |
| सं. ५:४५ | साधी १० | ६ | ३ | काही न करता, पडल्या पडल्या |
| रा. ८:०० | एसआर ३० | ३ | | |
| रा. ९:०० | साधी १० | ६ | २ | खुर्चीतून पलंगावर |
| प. ४:३० | साधी १० | ७ | ३ | दुखण्यानं जाग आली |

गोळ्या सातच. वहीवरून हिशोब केला तर ६० अधिक ५०, म्हणजे ११०. दोन भागांत वाटून जवळचा डोस एसआर ६० दोनदा. डोस एका दमात दुप्पट झाला. तक्ता मात्र सांगतो की यातल्या तीन गोळ्या हालचालीच्या आहेत आणि दोनच आपोआप उठलेल्या दुखण्याच्या. त्या दोन कधी लागल्या ते बघा: संध्याकाळी पावणेसहा आणि पहाटे साडेचार. दोन्ही पुढच्या एसआरच्या आधीचे दोन-साडेतीन तास. म्हणजे एसआरचा डोस बारा तास पुरत नाही, शेपटीकडे कमी पडतो. एक दिवस असं दिसलं तर मी काही ठरवत नाही. तीन दिवस त्याच सुमाराला दिसलं तर ठरवतो. या बाईंच्या तक्त्यात पाचही दिवस तसंच होतं.

हालचालीच्या तीन गोळ्यांच्या ओळी जरा थांबून वाचा. ‘तासानं २’ हा आकडा पाहून गोळीनं काम केलं असं वाटतं. पण शेजारी लिहिलंय की आडवं झाल्यावर वीस मिनिटांत दुखणं कमी झालं. तेवढ्यात तोंडावाटे दिलेली साधी गोळी काम करत नाही. दुखणं स्वतःच ओसरलं, गोळी मागाहून पोचली, आणि जिथे दुखणं उरलंच नव्हतं तिथे तिनं फक्त पेंग आणली. म्हणून ११ ते १२ ची पेंग. ही गोळी एसआरच्या बेरजेत धरली असती तर एरवी पडून असताना तीन-चारच दुखणाऱ्या बाईला चोवीस तास जादा मॉर्फिन मिळालं असतं, आणि अंघोळीच्या वेळचं सात तरीही सहाच्या खाली आलं नसतं.

मग ठरवलं ते असं. आपोआप उठलेल्या दोन गोळ्यांचे २० मिलिग्रॅम ६० मध्ये मिळवले: ८०. एसआर ४० दोनदा, म्हणजे प्रत्येक वेळी एक तीसची आणि एक दहाची. वाढ साधारण एक तृतीयांश, जी एका वेळी करायला हरकत नसते. निम्म्याहून जास्त वाढ घरी असलेल्या पेशंटला मी एका दमात करत नाही. मधल्या गोळीचा सहावा भाग आता १३ होतो. पण मधल्या गोळीसाठी दिवसाच्या डोसचा दहावा ते सहावा भाग चालतो, आणि दहाच्या गोळीनं सहा-सातचं दुखणं तीनवर येत होतंच, म्हणून ती दहाच ठेवली. मधला डोस सूत्रानं सुरू करायचा असतो, पण पुढे ‘आधी’ आणि ‘तासानं’ या दोन रकान्यांनी ठरवायचा असतो.

हालचालीच्या दुखण्याला वेगळा उपाय. अंघोळीच्या पाऊण तास आधी साधी १०, म्हणजे गोळी आणि दुखणं एकाच वेळी भेटतील. तक्त्यात ही ओळ ‘अंघोळीआधी’ असं लिहून वेगळी ठेवायची. ती मागून घेतलेली गोळी नाही. दिवसभरातल्या बाकी उठबशीसाठी गोळ्या न देता पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली, आणि हे तक्त्यात ‘कशानं’ लिहिलं होतं म्हणूनच सुचलं. खुब्याचा एक्स-रे आधी काढला, कारण हाड मोडायला आलेलं असेल तर पेशंटला उठवायचंच कसं याचा विचार आधी लागतो. पायांत जोर आहे का, लघवी अडते का, हे विचारून मणक्यात दाब येत नसल्याची खात्री केली. पायांतला जोर गेला किंवा लघवी अडली तर तक्ता बाजूला ठेवून त्याच दिवशी पाठवायचं. मग रेडिओथेरपीसाठी चिठ्ठी. हाडातल्या अशा दुखण्याला ८ ग्रेचा एकच डोस बहुतेक वेळा पुरतो, रोज खेटे घालावे लागत नाहीत. घरचे ‘आता कशाला तेवढ्या लांब न्यायचं’ म्हणतात तेव्हा हे सांगितलं की तयार होतात.

एसआर बदलल्यावर दोन दिवस तक्ता भरून घ्या, पण त्यावरून लगेच पुन्हा डोस हलवू नका. रक्तातली पातळी नव्या जागी स्थिर व्हायला साधारण तेवढा वेळ जातो. त्या दोन दिवसांत मधली गोळी आहेच. बदल केला त्या ओळीखाली आडवी जाड रेघ मारा आणि रेघेवर नवा डोस व तुमची सही. तक्ता वाचताना रेघेच्या वरचं आणि खालचं कधीही एकत्र मोजायचं नाही.

मधली गोळी घेऊन तासानं आकडा हललाच नाही तर काय, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवं. आमच्याकडची सूचना अशी: तासाभरात फरक नसेल आणि पेशंट नीट जागा असेल तर आणखी एक घ्या, त्यानंही तासाभरात फरक नसेल तर फोन करा. तक्त्यात असं ‘८, ८’ आणि पुन्हा ‘८, ८’ दिसलं की डोस कमी पडतोय असं मानायची घाई करू नका. तक्त्यात झोपेचाही एक रकाना ठेवायचा, तो बघा. आकडा तसाच आणि झोप वाढलेली, तर ते दुखणं मॉर्फिनला फारसं दाद देत नाही. बहुतेकदा नसेचं असतं: आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं. तिथे मॉर्फिन वाढवण्याऐवजी अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखं काही जोडावं लागतं. आकडा तसाच आणि झोपही तशीच, तर मग मधला डोस खरंच लहान आहे. म्हणजे एकच ‘८, ८’, पण झोपेच्या रकान्याप्रमाणे दोन उलट निर्णय.

त्यामुळे झोपेचा रकाना गाळू नका. दिवसातून दोनदा, एसआरच्या वेळी, भरला तरी चालतो. शून्य म्हणजे टक्क जागा, एक म्हणजे पेंगतो पण हाकेला ओ देतो, दोन म्हणजे हलवल्यावरच जागा होतो, तीन म्हणजे हलवूनही नीट उठत नाही. डोस सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिले दोन-तीन दिवस ‘एक’ असणं अपेक्षित असतं, आणि कितीतरी दिवस दुखण्यानं झोप न मिळालेला माणूस दुखणं थांबलं की झोपतोच. दोन असेल तर पुढची गोळी देण्याआधी फोन. तीन असेल तर गोळी द्यायचीच नाही, पॅच असेल तर तो काढायचा आणि ताबडतोब दवाखाना. सगळं स्थिर असताना अचानक पेंग वाढली, हातपाय झटके देऊ लागले, भिंतीवर किडे-मुंग्या दिसू लागल्या, तर क्रिएटिनिन बघा. लघवी कमी झाली, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं, की मॉर्फिनचे पुढचे घटक अंगात साठतात. डोस तोच असतो, किडनी ती राहिलेली नसते. पोटासाठी एक छोटा चौकोन पुरे: आज झाली की नाही. तीन दिवस ‘नाही’ आलं की जुलाबाचं औषध वाढवायचं. बद्धकोष्ठाला शरीर सवय करून घेत नाही, मळमळीला घेतं.

कमी गोळ्या म्हणजे कमी दुखणं, असंही नाही. तक्त्यात मधली गोळी शून्य आणि दुखणं सात असे दिवस तुम्हाला हमखास दिसतील. मुलगा म्हणतो, ‘सवय लागेल म्हणून दिली नाही,’ किंवा ‘गोळ्या आणायला परत तालुक्याला जावं लागतं, म्हणून पुरवून वापरतो.’ म्हणून मी तक्त्यात एक तिसऱ्या प्रकारची ओळ भरायला लावतो: दुखलं, पण गोळी घेतली नाही, आणि का. या ओळीसाठी घरच्यांना ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती ओळ येणार नाही, नुसती टिकमार्कांची रांग येईल. शिवाय रोज रात्री डबीत किती साध्या गोळ्या उरल्या ते शेवटच्या ओळीत लिहायला सांगा. सोमवारी वीस होत्या, तक्त्याप्रमाणे आठवड्यात बारा लागल्या, तर डबीत आठ हव्यात. चौदा असतील तर तक्ता मनानं भरलाय. चार असतील तर कुणीतरी न लिहिता देतंय. बहुतेकदा रात्री जागणारी व्यक्ती वेगळी असते आणि तिला तक्ता कुणी समजावलेला नसतो. (हा उरलेल्या गोळ्यांचा आकडा तुमच्या मॉर्फिनच्या स्टॉक रजिस्टरशी मिसळू नका. ते कायद्याचं दप्तर, त्याचं काम वेगळं.)

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर, त्यामुळे आणखी एक आकृती ओळखायला शिका. सकाळी साडेनऊ-दहाला पेंग, दुपारी एक-दीडपासून मधल्या गोळ्या. रात्री पुन्हा तेच, दहाला गाढ झोप आणि दीडला दुखून उठणं. एसआर वेळेवर दिल्याची नोंद असते. असं दिसलं की पहिला प्रश्न: गोळी गिळता येते का? नळी घातलेली असते आणि घरचे एसआर कुटून, पाण्यात कालवून नळीतून देत असतात. कुटलेली एसआर म्हणजे बारा तासांचा डोस एकदम. तो पहिल्या दोन तासांत झोपवतो आणि चार-पाच तासांनी संपतो. इथे डोस वाढवणं धोक्याचं आहे. एसआर बंद करा; ती ३० दोनदा असेल तर त्याच ६० मिलिग्रॅमची साधी १० दर चार तासांनी नळीतून द्या. झोपताना २० देऊन मध्यरात्रीची वेळ टाळता येते. साधी गोळी कुटली तरी चालते. मग तक्त्यात ‘घड्याळाची’ आणि ‘मागून घेतलेली’ असा फरक गोळीच्या नावावरून कळणार नाही, कारण दोन्ही साध्याच. त्यामुळे घड्याळाच्या डोसच्या वेळा आधीच छापून किंवा लिहून द्या, बाकी ओळी कोऱ्या ठेवा.

फेंटानिलचा पॅच असेल तर रोजची एक ओळ पॅचसाठी: ‘२५ चा पॅच, दुसरा दिवस’, आणि तो जागेवर चिकटलेला आहे हे पाहिल्याची खूण. नव्यानं लावताना तो पूर्ण काम करायला बारा तासांहून जास्त घेतो, म्हणून एसआरवरून पॅचवर जाताना शेवटची एसआर पॅच लावतानाच देतात आणि त्या पहिल्या दिवसाचे मधल्या गोळ्यांचे आकडे निर्णयासाठी वापरत नाहीत. काढल्यावरही कातडीखाली साठलेलं औषध पुढचा दिवसभर येत राहतं. तासाला २५ मायक्रोग्रॅमचा पॅच म्हणजे दिवसाला तोंडावाटे साधारण ६० मिलिग्रॅम मॉर्फिन, एवढं तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवलं की मधल्या गोळीचा अंदाज येतो. ताप चढला किंवा पॅचवर शेक दिला की औषध जास्त शोषलं जातं, म्हणून पॅचवाल्याच्या तक्त्यात ताप लिहायचा. बहात्तर तासांच्या चक्रात दर वेळी तिसऱ्याच दिवशी मधल्या गोळ्या वाढत असतील, तर पॅच तेवढा टिकत नाही. बेरीज करताना तिन्ही दिवसांची सरासरी काढली की हे झाकलं जातं.

दोन औषधं या तक्त्याच्या बेरजेत बसत नाहीत. मेथाडोनचं प्रमाण डोसप्रमाणे बदलतं आणि ते हळूहळू साठतं, त्याचा हिशोब ज्यांना रोजची सवय आहे त्यांच्यावर सोडा. आणि मॉर्फिन सुरू असताना चालू राहिलेलं ट्रॅमाडॉल: ते मिलिग्रॅममध्ये मिळवू नका, बंद करा. रुग्णालयात रात्री मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं असेल तर मार्ग लिहा, कारण कातडीखालचे ५ मिलिग्रॅम म्हणजे तोंडावाटेचे १० आणि शिरेतले ५ म्हणजे साधारण १५; ‘५’ एवढंच लिहिलं तर बेरीज खोटी.

फेरतपासणीला मी तक्ता वाचतो तो क्रम असा: आधी उरलेल्या गोळ्या जुळतात का, मग झोप, मग मधल्या गोळ्यांच्या वेळा आणि कारणं, आणि आकडे सगळ्यात शेवटी. दिवसाच्या आकड्यांची सरासरी काढत नाही. वरच्या बाईंच्या त्या दिवसाची सरासरी साडेपाचच्या आसपास येते, आणि प्रत्यक्षात त्या दिवसात साडेपाच असं त्यांना कधी दुखलंच नव्हतं. तक्त्याच्या तळाशी मात्र दर दिवसाला दोन आकडे स्वतः लिहितो: ‘आपोआप उठलेल्यांसाठी एवढे मिलिग्रॅम’ आणि ‘हालचालीसाठी एवढे’. पहिल्या आकड्यावरून एसआर, दुसऱ्यावरून बाकी उपाय. आपोआपच्या दिवसाला तीनहून जास्त गोळ्या लागत असतील तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता सिस्टरांनी फोन करावा, असं माथ्यावर छापून टाका.

या बाईंचा पुढचा तक्ताही बघण्यासारखा आहे. एसआर ४० दोनदा झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून पहाटेची गोळी थांबली, संध्याकाळची अधूनमधून लागली. अंघोळीआधीची गोळी दिल्यावर अंघोळीचं दुखणं सातवरून चारवर आलं आणि नंतरची पेंग गेली नाही, पण कमी झाली. रेडिओथेरपीनंतर दोन-तीन दिवस आकडे उलट वर गेले; हे कित्येकांत होतं, घरच्यांना आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांनी मधली गोळी दिली आणि तक्त्यात ‘लाइट दिल्यानंतर’ असं लिहिलं. ते दिवस बेरजेतून वगळले. तिसऱ्या आठवड्यात एसआरच्या वेळचा आकडा एक, मधल्या गोळ्या शून्य, डबीतल्या गोळ्या जुळत होत्या, आणि झोपेचा रकाना पुन्हा एकवर गेला होता. दुखणं हटलं की तेवढंच मॉर्फिन जड होतं, आणि हे वाढीइतकंच तक्त्यात स्पष्ट दिसतं. एसआर दिवसाच्या ८० वरून ६० वर आणली, आठवड्यानं दिवसाच्या ४० वर. ४० ला सहावा भाग सातच्या खाली येतो, म्हणून मधली गोळीही दहाची अर्धी केली. साधी गोळी अर्धी करता येते, एसआर नाही. सुनेला ते करून दाखवलं आणि तक्त्यावर ‘साधी ५, म्हणजे अर्धी’ असं लिहून दिलं.